सहीच्या खणात चारच कार्डं

फोंडा-डिचोली पट्ट्यातल्या एका अनुदानित शिक्षणसंस्थेचं हे प्रकरण आहे. उच्च माध्यमिक आणि महाविद्यालय या दोन्हींचं कार्यालय एकच. हेड क्लार्क मॅडम, आस्थापनेचे वरिष्ठ लिपिक म्हणजे यूडीसी, एक अकाउंटंट, विद्यार्थी विभागाच्या खिडकीवर दोन कनिष्ठ लिपिक म्हणजे एलडीसी आणि एक प्यून एवढी माणसं. त्यांच्याकडे येणारी कामं मात्र नाना तऱ्हेची: बोनाफाईड, ट्रान्सफर सर्टिफिकेट, फी परतावा, शिष्यवृत्तीच्या अर्जांची पडताळणी, शिक्षकांची रजा आणि वेतनवाढ, गळणारं छप्पर, बंद पडलेला प्रोजेक्टर. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला काढायला निघालेल्या मुलांनाही शिक्षणाच्या वर्षांचा पुरावा इथूनच लागतो.

तक्रार एकच होती, कामं वेळेवर होत नाहीत. संस्थाचालकांना वाटे माणसं कमी पडतात, प्राचार्यांना वाटे पाठपुरावा कमी पडतो. प्रत्येक काम कार्डावर लिहून ते कुठवर आलंय हे दाखवणारा फलक भिंतीवर लावून काही होईल का, हे पाहायला मी तिथं गेलो. माझं पहिलं सांगणं एवढंच होतं, की फलक लावण्याआधी अपुरं असलेलं प्रत्येक काम एकेका कार्डावर लिहून काढा. टेबलावरच्या फायली, व्हॉट्सॅपवरचे निरोप, ईमेल, जिन्यात भेटून कुणी सांगितलेलं काम, सगळं. कार्डावर आवक क्रमांक, तारीख, कुणासाठी, काय, एवढंच लिहायचं. आवक-जावक नोंदवही चालूच राहते, फलक तिची जागा घेत नाही. आणि खिडकीवर उभ्या-उभ्या दोन मिनिटांत होणाऱ्या कामाचं कार्ड करायचं नाही, नाहीतर कार्डं लिहिण्यातच दिवस जातो.

कार्डं निघाली त्रेसष्ट. त्यांपैकी बावीस कामांना कुणी हात लावला नव्हता. उरलेली एकेचाळीस सुरू होऊन अर्धवट पडली होती. या दुसऱ्या आकड्यानं कार्यालयाला धक्का बसला. ‘खूप कामं आहेत’ हे सगळ्यांना माहीत होतं, पण चार-पाच माणसांनी मिळून एकेचाळीस कामं उघडून ठेवली आहेत, हे कुणी एकत्र पाहिलं नव्हतं. प्रत्येकाच्या टेबलावर त्यातली आठ-दहाच दिसत.

एवढी कामं उघडी का राहतात, हे समजून घेण्यासारखं आहे. खिडकीवर माणूस आला की त्याच्यासमोर फाईल उघडली जाते, कारण त्यानं त्याचं समाधान होतं. मग ग्रंथालयाचं ना-देय प्रमाणपत्र नाही म्हणून फाईल बाजूला पडते आणि पुढची उघडते. कुणीच रिकामं बसलेलं नसतं, पण दिवसअखेर पूर्ण होऊन बाहेर पडणारी कामं जेमतेम सहा.

इथं एक साधं गणित लागू होतं. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये ते सिद्ध केलं, आणि येणारी व संपणारी कामं सरासरीनं सारखी असली तर रांग कशाचीही असो, ते खरं ठरतं. सरासरी जितकी कामं व्यवस्थेत आहेत, त्यांना रोज पूर्ण होणाऱ्या कामांनी भागलं की एका कामाला लागणारा सरासरी वेळ मिळतो. त्रेसष्ट भागिले सहा म्हणजे कामाचे साडेदहा दिवस. अकरा दिवस झाले तरी दाखला मिळाला नाही, ही पालकांची तक्रार म्हणजे या कार्यालयाचं सरळ अंकगणित होतं. त्यात कुणाचा आळस शोधायची गरज नव्हती.

फलक

वेळ कमी करायचा तर उघडी कामं कमी ठेवायला हवीत. हातातल्या कामांवर अशी मर्यादा घालण्याची रीत टोयोटाच्या कारखान्यातून आली. पुढच्या टप्प्यानं मागणी केल्याशिवाय मागच्यानं माल बनवायचा नाही, ही व्यवस्था तिथं तायइची ओनो यांनी बसवली. लोखंडाच्या सुट्या भागांऐवजी कागद आणि विनंत्या हाताळणाऱ्या माणसांसाठी ती डेव्हिड अँडरसन यांनी २००४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टमधल्या एका देखभाल गटात वापरून पाहिली. आपल्याकडचं कार्यालयीन काम या दुसऱ्या जातीचं. काम डोळ्यांना दिसत नाही, ते फायलीच्या पोटात असतं, म्हणून आधी ते भिंतीवर आणावं लागतं.

भिंतीवर पांढरा चुंबकी फलक लावला. चिकटपट्टीचे रंगीत कागद चालणार नाहीत, हे आधीच ठरवलं. गोव्याच्या पावसाळी दमट हवेत ते चार दिवसांत गळून खाली पडतात, आणि पडलेलं कार्ड म्हणजे हरवलेलं काम. जाड कार्डं आणि चुंबकं घेतली. संगणकावरचा फलकही सुचवला गेला होता; पण पावसात वीज गेली की तो अंधारात जातो, आणि येता-जाता सगळ्यांच्या नजरेला पडणं हाच तर फलकाचा अर्धा उपयोग.

खण पाच केले: ‘आलेली’, ‘तयार करणे’, ‘तपासणी व सही’, ‘बाहेर अडकलेली’ आणि ‘देण्यास तयार’. ‘आलेली’ला मर्यादा नाही, कारण लोकांनी अर्ज करूच नये असं आपण म्हणू शकत नाही. ‘देण्यास तयार’लाही नाही, दाखला सही होऊन खिडकीत आला आणि मुलाला निरोप गेला की कार्यालयाचं काम संपलं. मर्यादा मधल्या तीन खणांना.

‘तयार करणे’ची मर्यादा चुंबकांनी ठरवली. कामं तयार करणारी माणसं चार: दोन्ही एलडीसी, यूडीसी आणि अकाउंटंट. प्रत्येकाला स्वतःच्या रंगाची दोनच चुंबकं. ज्या कार्डावर आपलं चुंबक, ते काम आपल्या हातात, आणि दोन्ही चुंबकं गुंतली की तिसरं काम घेता येत नाही. एकच का नाही, असं विचारलं गेलं. कार्यालयीन कामात थोडं थांबणं अटळ असतं, जुनं रजिस्टर कपाटातून यायला वेळ लागतो. तेवढ्यात हाताशी दुसरं काम असावं. तीन का नाही, तर तिसरं असलं की अडलेलं काम सोडवण्याऐवजी ते टाकून पुढं जाणं सोपं होतं. एकूण आठ. सहीच्या खणाला चार, बाहेर अडकलेल्यांना आठ.

मग त्या एकेचाळिसांचं काय करायचं? मर्यादेत बसत नाहीत म्हणून ती परत ‘आलेली’मध्ये ढकलली असती, तर फलक पहिल्याच दिवशी खोटा झाला असता. एकेक कार्ड वाचलं. आठ कामं मेलेली निघाली: कुणी दोनदा अर्ज केला होता, कुणाला आता दाखल्याची गरजच नव्हती. ती खात्री करून बंद केली. अकरा बाहेरच्या कुणावर अवलंबून होती. उरली बावीस, आणि कार्यालयाच्या आतल्या दोन खणांची जागा बारा. नियम केला, की दोन कामं संपली की एक नवं घ्यायचं. हिशेबानं जादा दहा कामं तीन-चार दिवसांत उतरायला हवी होती. आठवड्याहून जास्त लागला, कारण उरलेली कामं हट्टी जातीची होती. सोपी कधीच होऊन गेली होती.

सहीचा खण

खरी गोष्ट इथून पुढं आहे. मर्यादा पाळायला लागल्यावर दुसऱ्या आठवड्यात, दुपारी बाराच्या सुमारास, सहीचा खण भरला. खिडकीवरच्या एलडीसीकडे दोन बोनाफाईड तयार होती, पण पुढं सरकवायला जागा नव्हती. दोन्ही चुंबकं अडकलेली.

ती म्हणाली, “मॅडम, माझं काम झालं. पुढं जागा नाही. आता नवीन घेऊ का?”

मॅडमचं उत्तर नेहमीचंच आलं असतं, घे म्हणून. खिडकीवर माणसं उभी होती. याच क्षणी बहुतेक ठिकाणी मर्यादा मोडते, आणि एकदा मोडली की फलक नुसती यादी होऊन राहतो. ठरलेला नियम वेगळा होता: पुढचा खण भरला असेल, तर ज्याचा हात मोकळा आहे त्यानं तो खण रिकामा करायला जायचं. म्हणून दोघी फलकासमोर उभ्या राहिल्या आणि सहीसाठी थांबलेली चार कार्डं वाचली.

पहिलं ट्रान्सफर सर्टिफिकेट. त्याला ग्रंथालयाचं ना-देय जोडलेलं नव्हतं. दुसरा फी परतावा, विद्यार्थ्याच्या बँक पासबुकाची प्रत नाही. तिसरं प्रयोगशाळेतल्या नळदुरुस्तीचं बिल, पण काम पूर्ण झाल्याची संबंधित शिक्षकाची सही नाही. फक्त चौथं कार्ड खरोखर सहीसाठी थांबलं होतं, कारण प्राचार्य पर्वरीला बैठकीला गेले होते.

चारांतली तीन कामं सहीसाठी थांबलीच नव्हती. ती कागदासाठी थांबली होती. तरी वर्षभर कार्यालयात सगळे म्हणत, “सरांची सही होत नाही.” आणि सरांना वाटे, आपण तर रोज सह्या करतो, मग फायली परत परत का येतात? दोघांचंही खरं होतं. अपुरी फाईल सहीला जायची, परत यायची, ज्यानं पाठवली त्याच्या टेबलाच्या तळाशी जायची, आणि तोवर त्याच्या हातात पाच नवी कामं असायची. मर्यादा नसती तर ती दोन बोनाफाईडही त्याच ढिगावर पडली असती आणि ढीग कशाचा आहे, हे कुणी वाचलं नसतं.

इथून तीन बदल झाले. कामाला लागणाऱ्या कागदांची छोटी यादी प्रत्येक प्रकारासाठी छापून खिडकीवर ठेवली. अर्ज अपुरा असला तरी आवक नोंद होते, पण सगळे कागद येईपर्यंत कार्ड ‘तयार करणे’मध्ये ओढलं जात नाही. दुसरं, प्राचार्यांनी लेखी आदेश काढून बोनाफाईडवर सही करण्याचा अधिकार उपप्राचार्यांना दिला. तिसरं, सह्यांच्या दोन वेळा ठरल्या, साडेअकरा आणि साडेतीन. दिवसभर केव्हाही फाईल घेऊन आत जाणं थांबलं, त्यानं प्राचार्यांचाही वेळ वाचला. तिन्ही बदल साधे आहेत आणि कुणालाही सुचले असते; फक्त ते करायला हवेत हे कळायला तो खण भरावा लागला. माझ्या मते मर्यादेचा सगळ्यात मोठा उपयोग हाच. ती काम अडवते, आणि अडल्यावर माणसाला कारण वाचायला भाग पाडते.

बाहेर अडकलेली

हा खण लबाड आहे. सुरुवातीच्या दिवसांत चुंबक मोकळं करायचा सोपा मार्ग लोकांना सापडला: काम जरा अडलं की कार्ड ‘बाहेर अडकलेली’त टाकायचं. आतले खण छान हलके दिसू लागले आणि इथली कार्डं अकरावरून चौदावर गेली. फलकाकडे पाहून सगळं सुरळीत वाटत असताना पूर्ण होणाऱ्या कामांचा आकडा वाढत नसेल, तर आधी प्रतीक्षेचा खण तपासावा.

म्हणून व्याख्या कडक केली. संस्थेच्या आवाराबाहेरच्या कुणाकडून काही यायचं असेल, तेव्हाच कार्ड इथं. ग्रंथालय, प्रयोगशाळा, उपप्राचार्य हे सगळे आतले; त्यांच्यासाठी थांबलेलं कार्ड आपल्या चुंबकासह ‘तयार करणे’तच राहणार आणि ज्याचं आहे त्याला टोचत राहणार. बाहेरच्या कार्डावर तीन गोष्टी लिहिल्याशिवाय ते लावायचं नाही: कुणाकडून, काय, आणि पुन्हा कधी विचारायचं ती तारीख. प्लंबरला फोन करायचा तर ‘सोमवारी’ नव्हे, ‘सोमवार, १४’.

आठाची मर्यादा इथं वेगळ्या अर्थानं चालते. बाहेरचं कार्यालय किंवा कंत्राटदार आपल्या मर्यादेनं हलत नाही. त्यामुळे नववं कार्ड आलं की ते नाकारता येत नाही, पण नवं काम ओढण्याआधी यूडीसी पाठपुराव्याला बसतात. निम्म्या वेळा असं दिसलं, की उत्तर येऊन ईमेलमध्ये पडलं होतं. बाहेरून परत आलेल्या कार्डाला पहिला मान असतो. ज्याचं पुढचं चुंबक मोकळं होईल त्यानं आधी ते घ्यायचं, मग नवं.

तातडी

फलकाच्या माथ्यावर एक आडवी पट्टी तातडीच्या कामासाठी ठेवली आणि तिची मर्यादा एक. संस्थेत मान असलेल्या प्रत्येकाचं काम ‘अर्जंट’ असतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यात या एका जागेसाठी चढाओढ झाली. मॅडमनी तेव्हा एक प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि तो त्यांनी व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनाही तितक्याच आदरानं विचारला: “सर, हे आज झालं नाही तर उद्या नेमकं काय बिघडेल?” प्रवेशाची मुदत आज संपतेय, भिंतीच्या ओलीनं स्विचबोर्डमध्ये ठिणग्या उडताहेत, ही उत्तरं चालतात. पत्र लवकर गेलेलं बरं, हे चालत नाही. पट्टीवरच्या कामासाठी माणूस हातातलं काम तसंच ठेवून उठतो, म्हणून तिथं दुसरं कार्ड आलं की बाकी सगळी कामं लांबतात.

तारखेनं बांधलेली कामं तातडीची नव्हेत, हा फरक मात्र जपावा लागतो. माहिती अधिकाराच्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. अशा कार्डाच्या कोपऱ्यात शेवटची तारीख लाल शाईनं लिहितात, आणि ते ‘आलेली’तून केव्हा ओढायचं हेही तिथंच ठरतं. माहिती दोन-तीन विभागांकडून गोळा करायची असेल, तर दहाव्या दिवसाच्या आत. वेळीच ओढलेलं काम नेहमीच्या रांगेतून शांतपणे होतं. अठ्ठाविसाव्या दिवशी आठवलेलं तातडीची पट्टी अडवून बसतं.

रोजचा वापर

सकाळी पावणेदहाला सगळे फलकासमोर दहा मिनिटं उभे राहतात. कार्डं उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणजे संपत आलेली आधी. तू काल काय केलंस, असं कुणाला विचारत नाहीत; हे कार्ड कशानं थांबलंय, असं विचारतात. प्यून रोज मधल्या खणांतल्या प्रत्येक कार्डावर पेनानं एक टिंब देतो. पाच टिंबं झालेल्या कार्डाबद्दल बोलल्याशिवाय बैठक संपत नाही. मला या सगळ्या व्यवस्थेत ही टिंबं फार मोलाची वाटतात. सरासरीचा तक्ता महिन्याअखेर येतो. टिंबं आज सकाळी दिसतात, काम अजून वाचवता येण्याच्या वेळी.

मोजमाप करताना एक वाद झाला. वेळ कुठून मोजायचा? कार्ड ओढल्यापासून मोजलं तर साधारण तीन-साडेतीन दिवस येतात. मधल्या खणांतली जास्तीत जास्त वीस कामं, रोज सहा पूर्ण, हिशेबही तेच सांगतो. पण पालकाला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं, तो अर्ज दिल्या दिवसापासून मोजतो. म्हणून दोन्ही तारखा कार्डावर लिहायचं ठरलं. खिडकीवर सांगायची मुदत सरासरीवरून ठरवली नाही, कारण सरासरी सांगितली की बऱ्याच जणांना चुकीची तारीख मिळते. संपलेल्या कार्डांतल्या दर वीसपैकी सतरा जितक्या दिवसांत झाली, तो आकडा सांगायचा. मे महिन्यात बोनाफाईडसाठी तो अर्जापासून चार दिवस होता.

जूनमध्ये निकाल आणि प्रवेश एकदम आले, तेव्हा हा चार दिवसांचा शब्द टिकला नाही. अर्ज दुपटीहून जास्त आले. मर्यादा वाढवा, असा आग्रह झाला. मॅडमनी वाढवली नाही, आणि ते योग्यच होतं. मर्यादा वाढवून माणसांचे हात वाढत नाहीत, फक्त रांग ‘आलेली’तून टेबलांवर सरकते आणि तिथं ती दिसेनाशी होते. उलट मर्यादा जागेवर ठेवूनही जूनचा भार हलका झाला नाही, हेही तितकंच खरं. रोज बारा येत असतील आणि सहाच होत असतील, तर कोणताही फलक ते पेलणार नाही.

फरक एवढा पडला, की रांग एका जागी, मोजता येईल अशी उभी होती. खिडकीवर येणाऱ्याला खरी तारीख सांगता आली: पुढं तीस अर्ज, रोज सहा, म्हणजे पाच दिवस रांगेत आणि तीन-साडेतीन कामाचे, नवव्या दिवशी या. लोक रागावले, पण रोज फेरी मारायला आले नाहीत. शिवाय प्राचार्यांना ‘माणूस द्या’ असं नुसतं सांगावं लागलं नाही. फलकासमोर उभं केलं, पुरलं. ग्रंथालयातला एक सहायक दोन आठवड्यांसाठी मिळाला, त्याला दोन चुंबकं दिली आणि मर्यादा आठाची दहा झाली. मर्यादा वाढण्याचं योग्य कारण तेवढंच.

चवथीच्या सुट्टीनंतर फलक पुन्हा पाहिला, तेव्हा सहीचा खण बहुतेक दिवस अर्धा रिकामा होता, त्याची मर्यादा चाराची तीन केली होती. अडचण आता दुसरीकडे दिसत होती. सगळी टिंबं अकाउंटंटच्या रंगाच्या चुंबकाखालच्या कार्डांवर साठत होती. फी परतावा आणि बिलं ही दोन्ही कामं एकटाच माणूस जाणतो, आणि तो रजेवर गेला की ती कार्डं जागची हलत नाहीत. विद्यार्थी विभागातल्या एका एलडीसीला परताव्याच्या नोंदी शिकवायला घेतलं आहे. ती शिकेपर्यंत तिची स्वतःची कामं थोडी मागं पडतात, आणि ते खिडकीवरच्या मुदतीत एक दिवस वाढवून आधीच सांगितलं जातं.